स्लॅबवरचं पाणी कुठं उतरवायचं, हे कोबा करण्याआधी ठरवा

गेल्या महिन्यात एका गटाकडून प्रश्न आला होता. "घराचा स्लॅब टाकून झालाय, आता कठडा आणि वरचा कोबा करायचा आहे. पावसाचं पाणी टाकीत घ्यायचंय. तर पाइप नंतर बसवला तर चालंल का?" प्रश्न अगदी वेळेवर आला म्हणायचा. कारण पाइप बसवायला कधीही बसवता येतो, पण गच्चीचा ढाळ एकदाच होतो. पाणी कोणत्या बाजूला पळणार हे कोबा ठरवतो, आणि कोबा वाळला की पुन्हा फोडल्याशिवाय ते बदलत नाही. म्हणून आज टाकीबद्दल कमी आणि ढाळाबद्दल जास्त बोलायचं आहे.

आधी आपल्याकडच्या पावसाचा स्वभाव बघू. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या आपल्या दुष्काळी पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस धरतात. त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात पडतो, आणि तोही गडगडाटासह, थोड्या वेळात धो-धो. पाव तासात एक इंच पाऊस आपण सगळ्यांनी पाहिलाय. २० बाय ३० फुटांच्या म्हणजे ६०० चौरस फुटांच्या स्लॅबवर तेवढ्या पाव तासात चौदाशे लिटर पाणी पडतं. हंड्यात सांगायचं तर नव्वदच्या वर हंडे. एवढं पाणी पंधरा मिनिटांत गच्चीवरून खाली उतरलं पाहिजे. ते उतरलं नाही तर गच्चीवर तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी स्लॅबमधून घरात उतरायची वाट शोधतं.

आता वर्षभराचा हिशेब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं सोपं आहे. ६०० चौरस फूट म्हणजे जवळजवळ ५६ चौरस मीटर. ५०० मिलिमीटर पावसात त्यावर २८,००० लिटर पडतात. काही सुकून जातं, काही पहिल्या धुण्यात सोडून द्यावं लागतं, म्हणून पाचातला एक वाटा वजा करा. हाती २२,००० लिटर येतात. घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं असतं. तेवढ्या छपरावरूनही १०,००० लिटर मिळतात. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला ४० लिटर धरले, तर फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाच-सव्वापाच हजार लिटर लागतात. म्हणजे घरकुलाचं छप्परही उन्हाळ्याचं पिण्याचं पाणी देऊ शकतं. धुण्याभांड्याचं आणि जनावरांचं मात्र त्यात भागणार नाही, ती आशा धरू नका.

आता प्रश्न विचारणाऱ्या ताईंचंच घर घेऊ. पूर्व-पश्चिम २० फूट, दक्षिण-उत्तर ३० फूट. पूर्वेला परसदार, तिथंच न्हाणी आणि टाकीला जागा. मिस्त्री म्हणाले होते, "ताई, रस्त्याकडच्या कोपऱ्यात एक पाइप काढून देतो, पाणी गटारात जाईल." मिस्त्रींचं चूक नव्हतं, त्यांना कुणी टाकीचं सांगितलंच नव्हतं. पाणी फक्त घालवायचं असेल तर रस्त्याकडचा कोपरा ठीक आहे. पण पाणी ठेवायचं असेल तर आधी टाकीची जागा, मग पाइपाची जागा आणि शेवटी ढाळ, असं उलटं चालावं लागतं.

एकाच कोपऱ्यात पाणी नेण्यात दुसरी अडचण आहे ती वजनाची. कोब्याच्या गच्चीला दर १० फुटांना दीड इंच उतार लागतो. दहाला एक इंच दिला तर कागदावर पाणी वाहतं, पण मिस्त्रीच्या हाताखाली अर्धा इंच इकडेतिकडे होतोच आणि डबकी राहतात. आता कोपऱ्यापासून समोरचा तिरपा कोपरा ३६ फुटांवर आहे. म्हणजे तिथं कोबा साडेपाच इंच उंच पाहिजे. पाइपाजवळ कमीत कमी दोन इंच जाडी ठेवावी लागते, ती धरून त्या टोकाला साडेसात इंच झाले. विटांच्या तुकड्यांचा कोबा हलका वाटतो, पण ६०० चौरस फुटांवर एक इंच जाडीचा कोबा पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. हे वजन कायमचं आपल्या डोक्यावर. म्हणून पाण्याला जितकं कमी अंतर चालायला लावाल तितका कोबा पातळ आणि तितका खर्चही कमी.

आणि एक पाइप पुरतही नाही. चार इंची उभा पाइप, वर सांगितला तसा पाव तासात एक इंच पडणारा पाऊस असेल, तर साधारण साडेचारशे चौरस फुटांचं पाणी वाहून नेतो. ६०० फुटांना दोन पाइप लागतात. घरकुलाच्या छपराला एक पुरतो.

तेव्हा त्या घरी असं ठरलं. पूर्वेचा कठडा ३० फूट लांब आहे. त्यात दोन्ही टोकांपासून साडेसात-साडेसात फूट सोडून दोन पाइप. दोघांमध्ये १५ फूट अंतर आणि त्यांच्या बरोबर मध्ये खाली टाकी. सगळं पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे २० फूट येणार, त्याला तीन इंच उतार. मग कठड्याच्या कडेनं जास्तीत जास्त साडेसात फूट चालून पाइपात पडणार, त्याला आणखी एक इंच. म्हणजे पाइपाजवळ दोन इंच आणि पश्चिमेच्या कडेला सहा इंच कोबा. कोपऱ्यातल्या एका पाइपापेक्षा दीड इंच कमी, आणि पाणी थेट परसदारी.

हा ढाळ बरोबर झाला का, हे आपल्याला स्वतःला तपासता येतं. त्यासाठी मिस्त्रीची लेव्हलची नळी हवी, पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं, हे तुम्हाला माहीतच आहे. नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही एवढं आधी पाहा, नाहीतर ती खोटं बोलते. कठड्याच्या आतल्या बाजूनं चारी बाजूंना एकाच पातळीची रेष खडूनं मारून घ्या. आपल्या उदाहरणात ही रेष उघड्या स्लॅबच्या १४ इंच वर मारली. स्लॅब सपाट असेल तर सगळीकडे १४ इंचच भरले पाहिजेत, नसतील तर तोही हिशेबात धरायचा. मग कोबा झाल्यावर पट्टी लावून रेषेपासून खाली मोजायचं. पाइपाजवळ १२ इंच. पूर्वेच्या कठड्याला दोन्ही कोपऱ्यांत आणि दोन पाइपांच्या मध्यावर ११ इंच. पश्चिमेच्या कठड्यालगत सगळीकडे ८ इंच. हे तीन आकडे कठड्यावरच कोळशानं लिहून ठेवा. मिस्त्री कोबा घालण्याआधी गच्चीवर दर चार-पाच फुटांवर उंचीचे छोटे ठिय्ये मांडतो आणि त्यांना दोरी लावून काम ओढतो. मोजायची खरी वेळ तीच. ठिय्ये चुकले असतील तर ते उचलून पुन्हा मांडायला पाच मिनिटं लागतात.

पाइपाचं भोकही याच वेळी ठरतं, आणि इथं फार घरांत गोंधळ होतो. कठडा बांधताना भोक ठेवलं नाही, तर कोबा झाल्यावर कठडा फोडून पाइप घालतात. ती फोडलेली जागा कधीच पुरती बुजत नाही, आणि पहिली ओल तिथंच दिसते. दुसरं म्हणजे भोकाची उंची. पाइपाचा तळ कोब्यापेक्षा वर राहिला तर तेवढं पाणी कायम साठून राहणार. पाइप स्लॅबला टेकवला तर कोबा त्याच्या तोंडात जाऊन अर्धा पाइप बुजणार. आपल्या घरात पाइपाजवळ कोबा दोन इंचांचा आहे. तोंडाभोवती दीड फूट चौकोनात कोबा आणखी एक इंच खाली घेऊन खळगा करायचा, आणि पाइपाचा तळ त्या खळग्याच्या बरोबरीनं, म्हणजे उघड्या स्लॅबपासून एक इंच वर. खळग्यामुळं पाणी तोंडाशी गोळा होतं आणि जोरानं आत जातं. तोंडाला सपाट जाळी लावू नका. लिंबाची चार पानं चिकटली की ती बंद होते. फुगीर, टोपीसारखी जाळी मिळते, तिच्या बाजू मोकळ्या राहतात.

आता समजा दोन्ही जाळ्या बुजल्या, आणि नेमका रात्री पाऊस आला. ६०० फुटांच्या गच्चीवर चार इंच पाणी साठलं तर त्याचं वजन साडेपाच टन होतं. म्हणून कठड्यात एक जादा पन्हाळ ठेवा, पाइपाच्या जवळ, पण तिथल्या कोब्याच्या पातळीपेक्षा दोन इंच वर. आपल्या रेषेपासून १० इंच खाली. तिच्यातून पाणी पडताना दिसलं की समजायचं, वर जाळी बुजली आहे. ही पन्हाळ दारासमोर ठेवावी, म्हणजे कुणाच्या तरी लक्षात येतं. जुन्या माळवदांना पन्हाळी असायच्याच. पाणी कुठून पडणार हे ठरवून, तिकडं उतार देऊन पांढरी माती बसवायची, आणि दर पावसाळ्याआधी नवी माती टाकताना तो उतार पुन्हा नीट करायचा. स्लॅब आला तसं आपल्याला वाटलं की सिमेंट आहे, आता उताराची गरज नाही.

कोब्याच्या कामात मी तीनच गोष्टींवर नजर ठेवायला सांगीन. विटांचे तुकडे आदल्या दिवसापासून पाण्यात भिजवलेले असावेत. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि मग माल भुसभुशीत राहतो. दुसरं, स्लॅब आणि कठडा जिथं मिळतात तिथं काटकोन ठेवायचा नाही. मालानं गोलाई करायची, मिस्त्री तिला वाटा म्हणतात. भेग पहिल्यांदा त्याच कोनात पडते. तिसरं, कोबा झाल्यावर पाइपांची तोंडं बुजवून, गच्चीवर मालाचे छोटे बांध घालून सात दिवस पाणी उभं करायचं. त्यानं कोबा पिकतो आणि गळती असेल तर ती खाली छताला ओलीच्या डागानं दिसते. पाण्याची टंचाई आहे म्हणून हे टाळलं जातं, हे मला माहीत आहे. पण टँकरच्या दोन खेपा वाचवून घरात गळणारं छत घेणं परवडत नाही. त्यातल्या त्यात, काम पावसाच्या तोंडावर काढण्यापेक्षा विहिरीला पाणी असताना, डिसेंबर-जानेवारीत काढलेलं बरं.

सात दिवसांनी बांध फोडले, पाणी सोडून दिलं, की अर्ध्या तासानं वर जा. जिथं पाणी राहिलंय तिथं खडूनं गोल काढा. त्यात रुपयाचं नाणं उभं नाही, आडवं टाका. नाणं बुडालं नाही, तर ते डबकं वाऱ्यानं सुकेल, सोडून द्या. नाणं बुडालं तर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी ती जागा दुरुस्त करून घ्या.

काही जणी विचारतील, कोब्याचं एवढं वजन घेण्यापेक्षा स्लॅबच उतरता टाकला तर? टाकता येतो. सेंट्रिंग करतानाच २० फुटांना तीन इंच उतार द्यायचा, मग वर सगळीकडे सारखा पातळ कोबा पुरतो. खालून छत तीन इंच तिरपं आहे हे पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. पण पुढं वर मजला चढवायचा विचार असेल तर हे करू नका, कारण तो स्लॅब मग वरच्या खोलीची जमीन होणार. आणि मजल्यासाठी कॉलमच्या सळ्या वर काढून ठेवल्या असतील, तर त्यांच्या मुळाशी कोबा थोडा उंच आणि गोल करून घ्या. गंजलेल्या सळीच्या कडेनं पाणी सरळ स्लॅबमध्ये उतरतं.

पाइपातून पाणी खाली आलं. ते लगेच टाकीत सोडायचं नाही. उन्हाळाभर गच्चीवर धूळ, पाखरांची घाण साठलेली असते. जूनचा पहिला चांगला पाऊस पूर्ण सोडून द्या. त्यानंतरही मध्ये आठ-पंधरा दिवस उघडीप गेली, तर पुढच्या पावसाचं पहिलं पाणी सोडायचं. गच्ची धुवायला एक-दोन मिलिमीटर पाऊस पुरतो, म्हणजे आपल्या घरी पन्नास ते शंभर लिटर. त्यासाठी उभ्या पाइपाला जमिनीपासून दोन फुटांवर एक टी बसवा. टीची आडवी शाखा टाकीकडे, आणि खालच्या सरळ तोंडाला फिरकीचं झाकण. झाकण काढलेलं असेल तर पाणी सरळ खाली शोषखड्ड्यात जातं. झाकण लावलं की खालचं तोंड भरतं आणि पाणी शाखेतून टाकीकडे वळतं. बाजारात हे काम आपोआप करणारी साधनं मिळतात, पण आपल्याला झाकणच बरं. ते बिघडत नाही, फक्त कुणीतरी घरी असावं लागतं. उन्हाळ्यात झाकण काढूनच ठेवायचं, म्हणजे अवकाळी पावसाची घाण टाकीत जात नाही.

टाकीच्या आधी २०० लिटरचा ड्रम, त्यात तळाला मोठे गोटे, वर खडी, वर जाडी वाळू, आणि मध्ये मध्ये नायलॉनची जाळी. बारीक वाळू घालू नका, मोठ्या पावसात ती पाणी अडवते आणि ड्रम उतू जातो. टाकी झाकलेली, आत उजेड न जाणारी असावी, नाहीतर शेवाळ धरतं. हवेच्या नळीला आणि उतू जाणाऱ्या पाइपाला डासांची जाळी बांधा. सात-आठ हजार लिटरची टाकी त्या ताईंना पुरली असती, त्यांनी दहा हजारांची बांधली. बाकीचं उतू जाणारं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं. टाकीतलं पाणी प्यायच्या आधी उकळा, किंवा आशाताई देतात ते औषध त्यांनी सांगितलेल्या मापानं घाला.

गच्ची पाण्यासाठी वापरायची ठरली की तिच्यावर काय ठेवायचं तेही बदलतं. मिरच्या, शेंगा, पापड उन्हाळ्यात वाळवा, काही बिघडत नाही. पण पावसाळ्याआधी गोवऱ्या आणि सरपण खाली आणा. वरची प्लॅस्टिकची टाकी सरळ कोब्यावर न ठेवता विटांच्या दोन ओळींवर ठेवा, आणि त्या ओळी पाणी ज्या दिशेनं जातं त्याच दिशेनं असू द्या. आडव्या घातल्या तर त्यांच्या मागं डबकं साचतं. गळतीसाठी वर डांबराचा थर दिला असेल, तर ते पाणी प्यायला घेऊ नका. जनावरांच्या धुण्याला आणि परसबागेला वापरा.

ज्यांचं पत्र्याचं घर आहे त्यांना ढाळ तयारच मिळालेला आहे. त्यांचं सगळं लक्ष पत्र्याखालच्या पन्हाळीवर हवं. पन्हाळीला टाकीच्या दिशेनं दर १० फुटांना एक इंच उतार द्या आणि दर तीन फुटांवर लोखंडी आधार, नाहीतर भरल्यावर ती मध्येच झोळीसारखी लोंबते. पत्र्याची कड पन्हाळीत दोन इंच आत आलेली असावी. फार उंचावर पन्हाळ बांधली तर सरी नीट आत पडत नाहीत, आणि फार खाली बांधली तर जोराचं पाणी तिच्यावरून उडी मारून अंगणात पडतं. एका पावसात बादली घेऊन उभ्या राहिलात की कुठं सरकवायची ते कळतं.

आणि ज्यांचा कोबा आधीच होऊन बसलाय, डबकी साचतात, त्यांच्यासाठी. वरून पातळ सिमेंटचा हात फिरवून खड्डे भरू नका. तो थर एका उन्हाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो. जेवढ्या भागात पाणी राहतं तेवढाच कोबा खणून, साफ करून, धुऊन, पुन्हा भरून घ्यावा लागतो. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवायचं कुणी सुचवलं, तर आधी इंजिनिअरला विचारा, कारण दर इंचाला ते पावणेतीन टन आहेतच. कधी कधी ढाळाला हात न लावता काम होतं. पाऊस पडत असताना वर जाऊन पाहा, पाणी आपसूक कुठल्या कडेला गोळा होतं. तिथं कठड्यातून पाइप काढून, भोवतीचा जोड नीट करून घेतला आणि टाकी त्या बाजूला आणली, तर निम्मा खर्च वाचतो.